रिकाम्या फुटांचं भाडं कोणाच्या खात्यावर?

सप्टेंबर महिन्यात हिंगोली-वाशीम पट्ट्यातलं एखादं सामायिक गोदाम उघडून पाहिलं, तर आत बहुतेक फरशीच दिसते. सोयाबीन अजून शेतात उभं असतं. उन्हाळ्यात आलेला हरभरा डाळ मिलमध्ये जाऊन संपलेला असतो. एका कोपऱ्यात हळदीची थप्पी, दुसऱ्या कोपऱ्यात रोटाव्हेटर आणि पेरणी यंत्र, बाकी सगळं मोकळं. घरमालकाचं भाडं मात्र पूर्ण गोदामाचंच द्यावं लागतं. हे भाडं कोणी भरायचं? जे त्या महिन्यात आत आहेत त्यांनी, की जे ऑक्टोबरात ट्रक भरून येणार आहेत त्यांनीही? सामायिक गोदामात भांडण होतं ते बहुधा या रिकाम्या जागेवरून. भरलेल्या जागेचा हिशेब कोणालाही जमतो.

तीन-चार जणांनी मिळून गोदाम घ्यायची कल्पना साधी आहे. एकेकट्याला वर्षभर मोठी जागा परवडत नाही आणि प्रत्येकाचा हंगाम वेगळा असतो. एकाचा माल निघाला की दुसऱ्याचा येतो. पण ‘जेवढी जागा, जेवढा वेळ, तेवढे पैसे’ असं म्हणून भागत नाही. जागा कशी मोजायची, वेळ कसा मोजायचा आणि न वापरलेल्या जागेचं काय करायचं, या तीन प्रश्नांची उत्तरं आधी द्यावी लागतात. त्यासाठी एक काल्पनिक पण त्या भागात सहज घडण्याजोगं उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू.

चार जण, एक गोदाम

तालुक्याच्या गावाबाहेर 4,000 चौरस फुटांचं पत्र्याचं गोदाम आहे असं धरू. त्यातले 1,000 फूट ये-जा करायला, दारापाशी माल उतरवायला आणि थप्पी भिंतीपासून दीड-दोन फूट दूर ठेवायला जातात. माल ठेवण्याजोगे उरतात 3,000 चौरस फूट. भाडं महिन्याला 20,000 रुपये. रखवालदाराला 7,500. किरकोळ दुरुस्ती, इमारतीचा विमा आणि विजेचं किमान बिल मिळून सरासरी 2,500. म्हणजे गोदाम भरलेलं असो वा रिकामं, महिन्याला 30,000 आणि वर्षाला 3,60,000 रुपये खर्च ठरलेला आहे.

वापरणारे चौघे. पहिला सोयाबीन उत्पादकांचा गट. त्यांना ऑक्टोबर ते डिसेंबर 2,400 फूट लागतात. भाव बघून निम्मा माल विकला की जानेवारी ते मार्च 1,200 फूट पुरतात, आणि एप्रिलपासून त्यांचं काही नसतं. दुसरे डाळ मिलवाले. त्यांचा हरभरा मार्चमध्ये येतो आणि ऑगस्टपर्यंत 1,200 फूट अडवतो. तिसरे हळदीचे व्यापारी. उकडून, वाळवून, पॉलिश केलेली हळद एप्रिल ते सप्टेंबर 600 फुटांवर असते. चौथी गावची अवजार बँक. तिची यंत्रं बारा महिने 600 फूट व्यापतात.

प्रत्येकाचे फूट त्याच्या महिन्यांनी गुणले की एक सोपं माप मिळतं. त्याला ‘फूट-महिना’ म्हणू. एक चौरस फूट जागा एक महिना अडली, म्हणजे एक फूट-महिना. सोयाबीन गटाचे 10,800 होतात, डाळ मिलचे 7,200, हळदीचे 3,600 आणि अवजार बँकेचे 7,200. एकूण वापर 28,800. गोदामाची वर्षाची क्षमता 36,000 फूट-महिने आहे. याचा अर्थ वर्षभराच्या हिशेबात पाचवा हिस्सा रिकामा राहतो. गोदाम पूर्ण भरलेलं असतं फक्त ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर आणि मार्च या चार महिन्यांत.

महिन्याच्या महिन्याला वाटलं तर

चौघांत सारखे भाग केले तर प्रत्येकी 90,000 रुपये येतील. सहा महिने 600 फूट वापरणाऱ्या हळदवाल्यांना आणि ऐन हंगामात अख्खं गोदाम भरणाऱ्या सोयाबीन गटाला एकच आकडा, हे कोणी दोन वर्षंही चालू देणार नाही. त्यामुळे बहुतेक ठिकाणी लोक लगेच दुसऱ्या पद्धतीकडे वळतात. त्या-त्या महिन्याचे 30,000 रुपये, त्या महिन्यात आत असलेल्यांत, अडवलेल्या फुटांप्रमाणे.

ही पद्धत वरवर न्याय्य दिसते. पण अवजार बँकेचं बिल पाहा. ऑक्टोबरात गोदाम भरलेलं असतं, म्हणून तिच्या 600 फुटांना 6,000 रुपये पडतात. जानेवारीत आत 1,800 फूटच माल असतो, म्हणून त्याच कोपऱ्याचे 10,000 होतात. सप्टेंबरात अवजार बँक आणि हळदवाले दोघंच उरतात, आणि त्याच 600 फुटांना 15,000 रुपये लागतात. जागा तीच, यंत्रं तीच, पण ऐन गर्दीत फुटाला 10 रुपये आणि सगळे निघून गेल्यावर 25.

म्हणजे गोदाम रिकामं असताना जो आत राहतो, त्याला दंड बसतो. साहजिकच हळदवाले ऑगस्टअखेर माल हलवायचा विचार करतात. ते गेले की सप्टेंबरचे सगळे 30,000 रुपये एकट्या अवजार बँकेवर. मग तीही शेजारच्या शेडचा भाव विचारू लागते. ओसाड महिन्यांत टिकून राहणारा माणूस सामायिक गोदामाला खरं तर सर्वांत जास्त हवा असतो, आणि ही पद्धत त्यालाच आधी बाहेर काढते. दर महिन्याला बिल फाडणाऱ्या गटांत दोन-तीन वर्षांत एकेक जण गळत गेला, तर बहुधा कारण हेच असतं.

वर्षाचा एकच दर

उपाय असा, की महिन्याऐवजी वर्ष धरायचं. वर्षाच्या 3,60,000 रुपयांना वर्षभरात प्रत्यक्ष वापरलेल्या 28,800 फूट-महिन्यांनी भागलं की दर येतो साडेबारा रुपये. हा दर ऑक्टोबरलाही तोच आणि सप्टेंबरलाही तोच. गोदाम वर्षभर गच्च भरलेलं असतं तर दर 10 रुपये आला असता. वरचे अडीच रुपये म्हणजे रिकाम्या जागेचा खर्च. तो आता सगळ्यांच्या दरात सारखा मिसळला आहे. कोणा एकाच्या बिलात तो फुगून बसत नाही.

या दराने सोयाबीन गटाचे 1,35,000 होतात, डाळ मिलचे 90,000, हळदवाल्यांचे 45,000 आणि अवजार बँकेचे 90,000. महिन्याच्या पद्धतीत हे आकडे अनुक्रमे 1,24,000, 87,000, 52,500 आणि 96,500 होते. गर्दीच्या महिन्यांत येणाऱ्यांचा वाटा थोडा वाढला आणि ओसाड महिन्यांत टिकणाऱ्यांचा घटला.

हंगामी वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर धरावं, कारण या गोदामाचं चक्र तिथून सुरू होतं. वर्ष संपेपर्यंत खरा दर कळत नाही, म्हणून अंदाजाने 12 रुपयांनी दर महिन्याला पैसे घ्यायचे आणि सप्टेंबरअखेर खरा दर काढून फरक मिटवायचा. आपल्या उदाहरणात फूट-महिन्यामागे आठ आणे कमी घेतले गेले. सोयाबीन गटाने आणखी 5,400 भरायचे, हळदवाल्यांनी 1,800. या शेवटच्या हिशेबासाठी प्रत्येकाकडून सुरुवातीलाच दोन महिन्यांची अनामत घेतलेली बरी. नाहीतर एप्रिलमध्ये माल काढून गेलेल्याकडून सप्टेंबरात फरक वसूल करायला कोणी जायचं, हा नवा वाद उभा राहतो.

गोदाम एवढं मोठं कोणामुळे?

इथवर येऊनही अवजार बँकेची एक तक्रार उरते आणि ती चुकीची नाही. ‘आम्हाला वर्षभर 600 फूट लागतात. 4,000 फुटांचं गोदाम घेतलं ते तुमच्या सोयाबीनसाठी. मग रिकाम्या जागेचा खर्च आमच्या दरात सारखाच का?’

हिशेब करून पाहू. सोयाबीन गट नसता, तर उरलेल्या तिघांची सर्वांत मोठी गरज एप्रिल ते ऑगस्टमधली, 2,400 फुटांची. 3,000 पर्यंतचे वरचे 600 फूट ऑक्टोबरच्या गर्दीसाठीच घेतले आहेत, आणि त्या गर्दीतला मोठा वाटा सोयाबीनचा आहे.

हा प्रश्न जुना आहे. विमानतळाच्या धावपट्टीचा खर्च लहान-मोठ्या विमानांत कसा वाटावा, यावर 1970च्या दशकात स्टीफन लिटलचाइल्ड यांनी सहकाऱ्यांबरोबर काम केलं, आणि इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विमानतळाचे आकडे घेऊन ते पडताळलं. त्यामागे लॉइड शॅप्ली या गणितज्ञाचं 1953 मधलं सूत्र होतं. शॅप्ली यांना 2012 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या उत्तराचा गाभा असा: धावपट्टीचा पहिला तुकडा सर्वच विमानांना लागतो, म्हणून त्याचा खर्च सर्वांनी वाटून घ्यावा. पुढचा वाढीव तुकडा फक्त मोठ्या विमानांसाठी बांधला, म्हणून तो त्यांनीच भरावा. लहान विमानाने लांब धावपट्टीचे पैसे द्यायचे कारण नाही, पण पहिल्या तुकड्याचे पैसेही चुकवायचे नाहीत.

गोदामात एवढं बारीक गणित करत बसायची गरज नाही. तोच विचार दोन तुकड्यांच्या बिलात बसवता येतो. ठरलेल्या खर्चाचा अर्धा भाग प्रत्येकाने आगाऊ राखून ठेवलेल्या कमाल जागेवर लावायचा आणि अर्धा प्रत्यक्ष फूट-महिन्यांवर. कारखान्याच्या वीजबिलात मंजूर भाराचा किंवा मागणीचा आकार वेगळा असतो आणि जळलेल्या युनिटचे पैसे वेगळे, हे छोटे उद्योजक ओळखतात. हीही तशीच रचना.

राखीव जागा सोयाबीनची 2,400, डाळ मिलची 1,200, हळद आणि अवजार बँकेची प्रत्येकी 600, मिळून 4,800 फूट. ही बेरीज 3,000 पेक्षा जास्त आहे आणि त्यात चूक काही नाही. सगळ्यांची कमाल गरज एकाच महिन्यात येत नाही, म्हणूनच तर एक गोदाम चौघांना पुरतं. या 4,800 फुटांवर 1,80,000 रुपये वाटले, म्हणजे राखीव फुटाला वर्षाचे साडेसदतीस रुपये. उरलेले 1,80,000 रुपये 28,800 फूट-महिन्यांवर वाटले की सव्वासहा रुपये. दोन्ही मिळून वाटे असे:

| | वर्षाचा एकच दर | राखीव + वापर |
|---|---|---|
| सोयाबीन गट | 1,35,000 | 1,57,500 |
| डाळ मिल | 90,000 | 90,000 |
| हळद व्यापारी | 45,000 | 45,000 |
| अवजार बँक | 90,000 | 67,500 |

डाळ मिल आणि हळदवाल्यांच्या आकड्यांत काहीच बदल झाला नाही. 22,500 रुपये अवजार बँकेकडून सोयाबीन गटाकडे सरकले. म्हणजे खरा वाद चौघांत नव्हता. तो फक्त दोघांत होता. वर्षभर थोडी जागा धरणारा एक, आणि तीन महिने सगळी जागा मागणारा दुसरा. हे एकदा कागदावर दिसलं की बैठकीतला आवाज खाली येतो.

अर्धा-अर्धा हे प्रमाण काही आकाशातून पडलेलं नाही. गट ते चर्चेने ठरवतो. पण त्याला एक वरची मर्यादा आहे. कोणाचाही वाटा, त्याने एकट्याने बाहेर जागा घेतली असती तर आलेल्या खर्चापेक्षा जास्त होता कामा नये. सोयाबीन गटाला सहा महिन्यांसाठी तेवढीच जागा बाहेर 1,40,000 रुपयांत मिळत असेल, तर 1,57,500 चं बिल पाठवून काही उपयोग नाही. तो गट निघून जाईल आणि उरलेल्या तिघांवर पूर्ण 3,60,000 येतील. अशा वेळी राखीव भागाचं प्रमाण कमी करून सोयाबीनचा आकडा 1,40,000 च्या आत आणणं सगळ्यांच्याच फायद्याचं. मात्र तुलना करताना बाहेरचा दर सहा महिन्यांचा आहे की अकरा महिन्यांच्या कराराचा, आणि त्यात रखवालदार धरला आहे की नाही, हे विचारून घ्यावं.

पाऊस दगा देतो तेव्हा

राखीव भागाचा दुसरा उपयोग वाईट वर्षात कळतो. समजा, काढणीच्या वेळी पाऊस लागून राहिला आणि सोयाबीन निम्मंच आलं. गटाने 2,400 फूट राखले होते, पण वापरले सगळ्या हंगामात निम्मे, म्हणजे 5,400 फूट-महिने. बाकी तिघांचा वापर जसाच्या तसा.

फक्त वापरावर पैसे लावले असते, तर एकूण वापर 23,400 वर येऊन दर 15 रुपये 38 पैसे झाला असता. डाळ मिलचं बिल 90,000 वरून सुमारे 1,10,800 वर गेलं असतं. त्यांनी एक फूटही जास्त वापरला नाही, तरी वीस हजारांचा फटका. राखीव आणि वापर अशा दोन तुकड्यांच्या पद्धतीत त्यांचं बिल सुमारे 1,00,400 होतं. फटका निम्मा. सोयाबीन गटाचं बिल कमी होतं, पण पूर्ण निम्म्यावर येत नाही. 1,57,500 वरून साधारण 1,31,500 वर येतं. राखून ठेवलेली जागा त्यांच्या नावावर होती आणि दुसऱ्याला देता आली नव्हती, त्याची ती किंमत.

यातून एक नियम आपोआप निघतो. राखलेली जागा लागणार नाही हे गटाने सप्टेंबरअखेर कळवलं आणि ती दुसऱ्या कोणाला देता आली, तर तेवढा राखीव आकार त्या दुसऱ्याच्या नावावर जावा. डिसेंबरात कळवलं तर सूट नाही. ही तारीख करारात हवी.

फूट मोजायचे कसे

दर कितीही विचारपूर्वक काढला, तरी फूट मोजण्यात गोंधळ असेल तर तो कोसळतो. सर्वांत सोपी युक्ती म्हणजे फरशीवर पिवळ्या ऑइल पेंटने दहा बाय दहा फुटांचे चौकोन आखणं आणि त्यांना क्रमांक देणं. आपल्या गोदामात असे 30 चौकोन बसतील. सोयाबीनचे ऐन हंगामात 24, हळदीचे 6. मग टेप घेऊन भांडायची गरज नाही. दर पंधरवड्याला, 1 आणि 16 तारखेला, कोणाच्या मालाने किती चौकोन अडले ते नोंदवहीत लिहायचं आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. मध्येच आलेला माल 17 ला येऊन 29 ला गेला, तरी तो पंधरवडा पूर्ण धरायचा. आवक-जावक वहीत तारीख असतेच.

चौकोन अर्धा अडला तरी पूर्ण मोजायचा. हा नियम कडक वाटतो, पण त्याशिवाय एका थप्पीची शेवटची आठ-दहा पोती महिनोन्‌महिने तशीच पडून राहतात आणि शंभर फूट जागा गिळतात. त्यासोबत दुसरा नियम: सूचना देऊनही उरलेली पोती हलवली नाहीत, तर व्यवस्थापक ती एका जागी रचेल आणि हमाली मालकाच्या नावावर पडेल.

यंत्र भाड्याने बाहेर गेलं, तरी त्याची जागा मोजायची. ऑक्टोबरात अवजार बँकेचं मळणी यंत्र शेतात फिरत असतं आणि तिचे दोन चौकोन रिकामे दिसतात. पण ते यंत्र कधीही परत येणार म्हणून तिथे दुसरं काही ठेवता येत नाही. अडवलेली जागा म्हणजे वापरलेली जागा. अवजार बँकेला हे मान्य नसेल, तर तिने ते दोन चौकोन तीन महिन्यांसाठी लेखी सोडून द्यावेत.

आणखी एक मुद्दा उंचीचा. दर पोत्यावर लावावा की फुटावर, हा वाद सोयाबीनमध्ये हमखास येतो. जमिनीवर एक पोतं साधारण पाच चौरस फूट व्यापतं. विकायच्या सोयाबीनची दहा पोती एकावर एक रचली, तर पोत्याला अर्धा फूट जागा पडते. पण बियाण्यासाठी राखलेल्या सोयाबीनचं टरफल नाजूक असतं. जास्त पोत्यांच्या वजनाखाली दाणा दुखावतो आणि उगवण घटते, म्हणून त्याची थप्पी पाच पोत्यांवर थांबवतात. मग पोत्याला एक फूट जागा लागते. साडेबारा रुपये दराने साध्या पोत्याला महिन्याचे सव्वासहा रुपये आणि बियाण्याच्या पोत्याला साडेबारा. पोत्यावर एकच दर लावला असता, तर बियाणेवाल्याच्या जागेचे पैसे विक्रीवाल्याने भरले असते. सामायिक गोदामात मापाचा पाया फरशीच असावा, आणि गटाच्या आतली विभागणी गटाने पोत्यांवर करावी.

फुटांवर लावू नयेत असे खर्च

सगळाच खर्च जागा आणि वेळ यांच्या साच्यात घालायचा मोह टाळला पाहिजे. हमाली पोतं आत-बाहेर होण्यावर पडते, किती दिवस पडून राहिलं यावर नाही. ती ज्याची त्याने भरावी. अवजार बँक आत वेल्डिंग करत असेल, तर तिच्या विजेला वेगळं मीटर लावावं. मालाच्या विम्याचा हप्ता मालाच्या किमतीवर ठरतो. 600 फुटांवरची हळद 1,200 फुटांवरच्या सोयाबीनपेक्षा महाग असू शकते, म्हणून तो प्रत्येकाने आपापला काढावा. सामायिक खर्चात फक्त इमारतीचा विमा घ्यावा.

किडीचा खर्च सर्वांत अवघड. धुरी द्यायची तर ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या थप्पीवर गॅस अडवणारं आच्छादन टाकून, प्रशिक्षित आणि परवाना असलेल्या माणसाकडूनच द्याव्या लागतात, आणि साधारण आठवडाभर आच्छादन उघडता येत नाही. त्या काळात शेजारच्यालाही माल काढता येत नाही. किडकं धान्य कोणाचं होतं, हे नंतर सिद्ध करता येत नाही. म्हणून माल आत घेतानाच ओलाव्याची आणि किडीची नोंद करावी. ओलं किंवा किडकं असेल तर त्याच्या मालकाच्या खर्चाने धुरी द्यायची किंवा परत पाठवायचं. नियमित फवारणी मात्र सामायिक खर्चात घ्यावी आणि फूट-महिन्यांवर वाटावी, कारण तिचा फायदा फरशीच्या प्रत्येक चौकोनाला होतो. खतं आणि कीटकनाशकं ठेवायची विनंती आली, तर दर कितीही चांगला मिळाला तरी धान्याच्या गोदामात त्यांना जागा देऊ नये.

सामायिक वर्कशॉपलाही हाच हिशेब लागतो, फक्त वेळेचं एकक बदलतं. कामाचं बाक आणि कच्चा माल यांची जागा फूट-महिन्यांवर, तर लेथ किंवा सीएनसी यंत्राचा वापर तासांवर. तिथे सप्टेंबरच्या जागी रात्रपाळी येते आणि ऑक्टोबरच्या जागी महिनाअखेर. यंत्र बसवायला, हत्यार बदलायला लागलेला वेळही तासांत धरावा, नाहीतर छोटी-छोटी कामं घेणाऱ्याचा खर्च मोठ्या बॅचवाल्यावर जातो.

करार करण्याआधी

दोन मर्यादा आधीच ध्यानात घ्याव्यात. एक, गोदाम ज्याच्या नावावर भाड्याने घेतलं आहे, त्याला इतरांचा माल ठेवायची मुभा मूळ करारात लिहिलेली हवी. ती नसेल, तर उरलेल्या तिघांच्या हातात काहीच उरत नाही. दोन, ज्या शेतकऱ्याला मालावर कर्ज हवं आहे, त्याला अशा खासगी सामायिक गोदामाची पावती पुरत नाही. वखार विकास व नियमन कायदा 2007 खाली नोंदणी झालेल्या गोदामाची पावती बँका तारण म्हणून घेतात. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजनाही आहे, ती बाजार समित्यांमार्फत चालते. ज्यांचं भागभांडवल अशा कर्जावर चालतं, त्यांनी आधी तिथला पोत्यामागचा दर विचारावा आणि मगच सामायिक गोदामाशी तुलना करावी.

बाकीच्यांनी पहिल्या ट्रकच्या आधी चार ओळी कागदावर घ्याव्यात: कोणी किती फूट राखले, राखीव आणि वापराचं प्रमाण किती, जागा सोडल्याचं कळवायची शेवटची तारीख कोणती आणि वर्षअखेरचा फरक अनामतीतून कसा वळता करायचा. गोदाम रिकामं असतानाच हे ठरतं. एकदा थप्प्या लागल्या की प्रत्येक जण आपल्या फुटांकडे बघून बोलतो.